परिपत्रकातून पालकांपर्यंत: एनएमएमएस शिष्यवृत्तीचं एक पान

शिष्यवृत्तीचं सरकारी परिपत्रक पालकांसाठी लिहिलेलं नसतं, हे आधी मान्य केलं की पुढचं काम सोपं होतं. ‘प्रति’च्या खाली शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक असतात. मग विषय, मग संदर्भ एक ते पाच, मग ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की’. एका कार्यालयानं दुसऱ्या कार्यालयाला लिहिलेलं ते पत्र आहे आणि त्या कामासाठी ते ठीकच असतं. गडबड होते ती त्याची झेरॉक्स जशीच्या तशी फळ्याशेजारी चिकटवली जाते किंवा पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ढकलली जाते तेव्हा. ज्या आईला त्यातून फक्त चार गोष्टी हव्या असतात, तिला सहा पानं उलटूनही त्या सापडत नाहीत.

उदाहरण म्हणून एकच योजना घेऊ. तिचं मराठी नाव राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना, पण शाळेत सगळे तिला एनएमएमएस म्हणतात. केंद्र सरकारची ही योजना 2008 पासून चालू आहे. आठवीत परीक्षा द्यायची, निवड झाली तर नववी ते बारावी अशी चार वर्षं दरवर्षी 12,000 रुपये मिळतात, म्हणजे एकूण 48,000. सुरुवातीला ही रक्कम वर्षाला 6,000 होती, 2017 पासून दुप्पट झाली. देशभरात दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या असतात आणि त्यातल्या 11,682 महाराष्ट्राच्या वाट्याला येतात. राज्यात परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. तीच परिषद शाळांमधली दुसरी, नुसती ‘स्कॉलरशिप’ म्हणून ओळखली जाणारी परीक्षाही घेते. त्यामुळे ‘आमच्या पोरीनं स्कॉलरशिप दिलीय की’ म्हणणाऱ्या पालकाला आधी कुठली ते विचारावं लागतं. पालकांसाठीच्या पानावर पहिली ओळ म्हणूनच अशी हवी: ‘ही स्कॉलरशिपची परीक्षा नाही. ही एनएमएमएस आहे, वेगळी आहे, आणि तिचा फॉर्मही वेगळा भरावा लागतो.’

सोपं करायला बसल्यावर शब्दकोश उघडू नये. ‘विहित नमुन्यात’च्या जागी ‘ठरलेल्या फॉर्ममध्ये’ लिहिलं म्हणून परिपत्रक सोपं होत नाही. एक पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक वाक्यापुढे ते काम कुणाचं आहे ते लिहावं: शाळेचं, जिल्ह्याचं की घरचं. एनएमएमएसच्या परिपत्रकावर हे करून पाहिलं की बहुतेक वाक्यं शाळेची आणि जिल्ह्याची निघतात. परीक्षेचा अर्ज शाळाच आपल्या लॉगिनमधून भरते, प्रवेशपत्र शाळाच काढते, केंद्राची बैठकव्यवस्था, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, अहवाल यांच्याशी घराचा संबंध नसतो. ती सगळी वाक्यं पालकांच्या पानावरून सरळ काढून टाकायची. उरतं ते फार थोडं: मूल पात्र आहे का, कोणते कागद लागतील, बँकेत काय करायचं आणि निवड झाल्यावर पुढे काय.

पात्रतेचं वाक्य परिपत्रकात साधारण अशा धाटणीचं असतं: शासकीय, शासनमान्य अनुदानित व स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळांमधून इयत्ता आठवीत नियमित शिकणारे, इयत्ता सातवीत किमान 55 टक्के गुण प्राप्त, आणि ज्यांच्या पालकांचे सर्व मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नाही असे विद्यार्थी पात्र राहतील, अनुसूचित जाती-जमातीसाठी गुणांत पाच टक्के सवलत अनुज्ञेय राहील. पुढच्या परिच्छेदात वगळलेल्या शाळांची यादी येते: विनाअनुदानित, केंद्रीय विद्यालय, जवाहर नवोदय, सैनिकी शाळा, आणि जिथे राहणं-जेवण-शिक्षण सरकारी खर्चानं होतं अशा निवासी शाळा.

या वाक्यात चार अटी एकमेकींत अडकल्या आहेत. पालकाला त्या सुट्या करून, प्रश्न म्हणून विचाराव्या लागतात. मूल जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आहे का? सातवीच्या प्रगतिपुस्तकावर 55 टक्के आहेत का? (एससी-एसटी असेल तर 50 चालतील.) आई आणि वडील दोघांची मिळून वर्षाची कमाई साडेतीन लाखांच्या आत आहे का? प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर, आणि एकाही ठिकाणी ‘नाही’ आलं तर इथेच थांबायचं. सवलतीबाबत एक वाक्य मुद्दाम जास्तीचं लिहावं: ही पाच टक्क्यांची सूट ओबीसींना नाही. परिपत्रकात हे कुठेच स्पष्ट म्हटलेलं नसतं, कारण अधिकाऱ्याला ते सांगावं लागत नाही. घरी मात्र ‘आमचा कास्टचा दाखला आहे’ एवढ्यावर सूट धरली जाते.

उत्पन्नाच्या दाखल्यालाही असंच एक जास्तीचं वाक्य लागतं. गावात तलाठ्याकडून उत्पन्नाचा कागद मिळतो आणि पालक तोच शाळेत आणून देतात. चालतो तो तहसीलदारांचा दाखला. तलाठ्याचा कागद हा त्या दाखल्याच्या अर्जाला जोडायचा असतो. महा ई-सेवा केंद्रात अर्ज केल्यापासून दाखला हाती पडायला दिवस लागतात, आणि प्रवेशाच्या हंगामात तर केंद्रावर रांगच असते. परिपत्रकातली शेवटची तारीख शाळेच्या अर्जाची असते. पालकांच्या पानावर दाखल्यासाठी त्याच्या निदान तीन आठवडे आधीची तारीख घालावी. हा आकडा कुठल्याही शासन निर्णयात सापडणार नाही, तो पान लिहिणाऱ्यानं आपल्या तालुक्याचा अंदाज घेऊन ठरवायचा असतो.

आता टक्क्यांचा घोळ. सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात आणि सोपं करताना सगळ्यात जास्त चुकाही इथेच. या योजनेत टक्के एकदाच येत नाहीत. सातवीचे 55 परीक्षेला बसण्यासाठी. परीक्षेत दोन्ही पेपर मिळून 40, एससी-एसटीला 32, हे पास होण्यासाठी. आठवीच्या वार्षिक निकालात पुन्हा 55, हे शिष्यवृत्ती सुरू होण्यासाठी. दहावीत 60, एससी-एसटीला 55, हे अकरावीत ती चालू राहण्यासाठी. शिवाय नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात पास होऊन जायचं. परिपत्रकात हे आकडे वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असतात. घाईनं सोपं करणारा माणूस ‘55 टक्के लागतात’ एवढंच लिहून मोकळा होतो. मग दहावीला 57 टक्के मिळवलेल्या मुलाचे पैसे अकरावीत थांबतात, तेव्हा घरच्यांना वाटतं कुणीतरी ते खाल्ले. हे आकडे वर्षांच्या क्रमानं लावले की कोडं उरत नाही. सातवी, डिसेंबरची परीक्षा, आठवी, दहावी, आणि प्रत्येकापुढे एकच आकडा. कुटुंब ज्या गटात येतं तोच आकडा लिहावा, दोन्ही नकोत.

एक घर धरून पुढे जाऊ. वडील ऊसतोडीला जातात, आई रोजगारावर आणि थोड्या कोरडवाहू शेतात. मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत आठवीत आहे, सातवीला 63 टक्के, खुल्या गटातली. दोघांची कमाई साडेतीन लाखांच्या बरीच खाली. म्हणजे तिन्ही प्रश्नांना हो. डिसेंबरमध्ये परीक्षा होते. बौद्धिक क्षमता चाचणीचे 90 प्रश्न आणि शालेय क्षमता चाचणीचे 90, प्रत्येकी दीड तास. दुसऱ्या पेपरात विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. तिला 43 आणि 47 मिळतात, एकूण 180 पैकी 90, म्हणजे 50 टक्के. ती पास झाली. पण पास होणं आणि निवड होणं वेगळं. जागा जिल्ह्यानुसार आणि प्रवर्गानुसार वाटलेल्या असतात आणि यादी गुणांच्या क्रमानं लागते, त्यामुळे 90 गुण एका जिल्ह्यात पुरतात, दुसऱ्यात पुरत नाहीत. पालकांच्या पानावर हे आधीच लिहिलेलं बरं, नाहीतर निकालाच्या दिवशी गावात पेढे वाटले जातात आणि नंतर शिक्षकाला तोंड लपवावं लागतं.

निवड झाली नाही तरी एक वाट उरते आणि ती एनएमएमएसच्या परिपत्रकात नसते, कारण ती दुसऱ्या संस्थेची आहे. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा समाजातल्या, परीक्षा पास पण यादीत न आलेल्या मुलांसाठी सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, महिन्याला 800 म्हणजे वर्षाला 9,600 रुपयांची. पालकांसाठी पान लिहिताना परिपत्रकाबाहेरची ही एक ओळ आत आणायला हरकत नाही.

आपल्या मुलीचं नाव यादीत आलं असं समजू. इथून पुढे गळती सुरू होते, आणि तिचं कारण शाळेच्या इमारतीत आहे. तिची शाळा आठवीपर्यंतच. जूनमध्ये ती चार किलोमीटरवरच्या हायस्कूलला जाते. यादी जुन्या शाळेच्या लॉगिनवर आलेली, अर्ज मात्र नव्या शाळेतून करायचा, आणि नव्या मुख्याध्यापकांना ही मुलगी निवडलेली आहे याचा पत्ताच नाही. परिपत्रक म्हणतं, ‘संबंधित मुख्याध्यापकांनी पात्र विद्यार्थ्यांचे अर्ज विहित मुदतीत भरून घ्यावेत.’ संबंधित म्हणजे कोण, जुने की नवे, हे त्यात उलगडत नाही. पानावर सरळ आज्ञार्थी वाक्य हवं: ‘शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला जाल तेव्हा निवड यादीची झेरॉक्सही मागून घ्या. नव्या शाळेत दोन्ही कागद एकत्र द्या आणि एनएमएमएसचं काम कोणत्या सरांकडे आहे ते विचारा.’

त्याच्याच खाली दुसरी ओळ: नवं हायस्कूलही अनुदानित किंवा सरकारीच असायला हवं. नववीत विनाअनुदानित इंग्रजी शाळेत किंवा नवोदयला गेलं की शिष्यवृत्ती संपली. दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमाला गेलं तरी संपली, ती अकरावी-बारावीपुरतीच आहे. ही अट वाचून कुणी डिप्लोमा सोडावा असं नाही. चांगल्या डिप्लोमापुढे दोन वर्षांचे 24,000 सोडणं कदाचित शहाणपणाचंही असेल. पण निर्णय घेताना आकडा समोर असावा.

आता बँक. परिपत्रकात यावर एकच वाक्य असतं, ‘विद्यार्थ्याचे बँक खाते आधार संलग्न असल्याची खात्री करावी’, आणि पालकांच्या पानावर सर्वांत जास्त जागा त्यालाच द्यावी लागते. पैसे थेट खात्यात येतात आणि ते कोणत्या खात्यात जायचे हे आधार क्रमांकावरून ठरतं. आईला विचारलं, खातं आधारशी जोडलंय का, तर ती हो म्हणते, कारण खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली होती. ती झेरॉक्स ओळख पटवण्यासाठी घेतलेली असते. सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार क्रमांक त्या खात्याशी वेगळा नोंदवावा लागतो. त्याला बँकेत आधार सीडिंग म्हणतात, त्याचा वेगळा फॉर्म आणि वेगळी सही असते, आणि तो दिला नसेल तर पासबुक कितीही चालू असलं तरी शिष्यवृत्ती येत नाही. उलटंही घडतं. मुलीचं एक खातं आधी शाळेनं पोषण आहार किंवा गणवेशासाठी उघडलेलं असतं, दुसरं नंतर पोस्टात. ज्या खात्याला सर्वांत शेवटी सीडिंग झालं त्यात पैसे पडतात आणि घरचे भलत्याच पासबुकात नोंद शोधत राहतात.

हे तपासता येतं. myaadhaar.uidai.gov.in वर मुलीचा आधार क्रमांक टाकून आत गेलं की Bank Seeding Status मध्ये बँकेचं नाव आणि ते चालू आहे की नाही एवढं दिसतं. पण आत जायला ओटीपी लागतो, आणि तो येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तो नंबर बहुतेक घरांत तीन सिमांपूर्वीचा असतो. म्हणून घरच्या कामांचा खरा क्रम परिपत्रकाच्या क्रमाच्या उलट लागतो: आधी आधार केंद्रावर चालू मोबाइल नंबर, मग बँकेत सीडिंग, मग अर्ज. पंधराव्या वर्षी मुलांना बोटांचे ठसे आणि फोटो नव्यानं द्यावे लागतात, तेही याच फेरीत उरकता येतं. वय बसत असेल तर.

नावाचंही इथेच पाहून घ्यायचं. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. क्रम मागेपुढे झाला तर काम अडेलच असं नाही, पण अक्षर वेगळं असलं की अडतं. एका कागदावर ‘वैष्णवी’चं इंग्रजी स्पेलिंग एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल तर संगणकासाठी त्या दोन मुली आहेत. निकालानंतर परिषद नाव, जन्मतारीख, जात यांच्या दुरुस्तीसाठी शाळेच्या लॉगिनवर काही दिवस देते. ते दिवस गेले की दुरुस्ती फार अवघड. म्हणून निकालाच्या दिवशी गुणांच्या आधी नावाचं स्पेलिंग वाचायचं, आधार कार्ड शेजारी ठेवून.

नववीतला अर्ज scholarships.gov.in या राष्ट्रीय संकेतस्थळावर भरतात, परीक्षेच्या अर्जासारखा परिषदेकडे नाही. आधी आधारच्या आधारे एकदाच नोंदणी होते आणि एक क्रमांक मिळतो. तो पुढची सगळी वर्षं लागतो, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानावर हवा, सायबर कॅफेवाल्याच्या मोबाइलमध्ये नव्हे. अर्ज भरला की तो आधी शाळेच्या आणि मग जिल्ह्याच्या लॉगिनवर तपासला जातो. दोन्ही ठिकाणी मंजुरी मिळेपर्यंत अर्ज भरला असला तरी काम झालेलं नसतं. अर्ज Defective असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. काहीतरी दुरुस्त करून मुदतीच्या आत पुन्हा पाठवायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. घरचे मात्र तो शब्द ऐकून नाकारला गेला असं समजतात आणि दुरुस्तीचे दिवस निघून जातात. अर्ज भरताना शाळेच्या यादीतून चुकून दुसऱ्या गावच्या त्याच नावाच्या शाळेवर बोट पडलं तर अर्ज त्या शाळेत जाऊन पडून राहतो. त्यावर उपाय म्हणजे नव्या शाळेचा यूडायस क्रमांक विचारून तोही पानावर लिहून ठेवणं.

हाच अर्ज दहावी, अकरावी आणि बारावीत पुन्हा करावा लागतो. परिपत्रक त्याला नूतनीकरण म्हणतं आणि कुठेतरी नवव्या मुद्द्यात टाकतं. पालकांना वाटतं एकदा लागली म्हणजे लागली.

एवढं झाल्यावर आपल्या घरासाठीचं पान असं होतं:

‘पोरीचा आठवीचा अभ्यास चालू असताना: आधार केंद्रावर तुमचा चालू मोबाइल नंबर तिच्या आधारला जोडा. तिच्या नावावर खातं काढा किंवा असलेलं घेऊन बँकेत जा आणि आधार सीडिंगचा फॉर्म भरा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला …… तारखेच्या आत शाळेत द्या. परीक्षेचा फॉर्म शाळा भरेल. निकाल लागल्यावर: नावाचं स्पेलिंग आधारशी ताडून पाहा, चूक असेल तर त्याच दिवशी सरांना सांगा. आठवीला 55 टक्के हवेतच. नववीत गेल्यावर: निवड यादीची झेरॉक्स नव्या शाळेत द्या. …… तारखेच्या आत ऑनलाइन अर्ज भरा, क्रमांक वहीत लिहा. पंधरा दिवसांनी शाळेत विचारा, तुमच्याकडून अर्ज पुढे गेला का? महिन्याने विचारा, जिल्ह्यातून झाला का? दहावी, अकरावी, बारावीत: दरवर्षी अर्ज पुन्हा. दहावीला 60 टक्के.’

तारखा मोकळ्या ठेवल्या आहेत, कारण त्या दरवर्षी बदलतात आणि पुष्कळदा मुदतवाढही मिळते. छापलेली तारीख खोडून नवी लिहिण्यापेक्षा रिकाम्या जागी पेनानं भरलेली बरी. मात्र मुदतवाढ होईल या भरवशावर पान लिहू नये.

पान लिहून झालं की एकदा पालकसभेत त्याची परीक्षा घ्यावी. ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळ्या माना हलतात, त्यातून काही कळत नाही. ‘उद्या सकाळी पहिल्यांदा कुठे जाल?’ असं विचारावं. आई म्हणाली ‘सेतूत’, तर क्रम कळला नाही, कारण मोबाइल नंबर अजून जुनाच आहे. ‘आधारवाल्याकडे’ म्हणाली तर पान चाललं. वडील ऑक्टोबरपासून कारखान्याच्या तळावर असतील तर अजून एक गोष्ट विचारून घ्यावी: ओटीपी येणारा फोन तेव्हा कुणाकडे असेल? तो वडिलांच्या खिशात दोनशे किलोमीटरवर असणार असेल तर आधारला आईचा नंबर जोडायचा, आणि हे परीक्षेच्या फॉर्मच्या आधी, गणपतीच्या सुमारास उरकायचं.